सिनेफ्रिनवाले फॅट बर्नर, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कडू संत्र्याचा अर्क किंवा सिनेफ्रिन असलेल्या फॅट बर्नरबद्दल लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न बरेच जण एकाच अर्थाने वेगवेगळ्या शब्दांत विचारतात, त्यांचे उत्तर एकदाच दिले आहे. संबंधित मुद्दा दुसरीकडे असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. डब्यावर 'बिटर ऑरेंज' लिहिलंय, पण लोक सिनेफ्रिन म्हणतात. दोन्ही एकच का?

बिटर ऑरेंज म्हणजे कडू संत्रे. त्याचे शास्त्रीय नाव सिट्रस ऑरँटियम आणि युरोपात त्याला सेव्हिल ऑरेंज म्हणतात, ज्याचा मार्मलेड होतो. चिनी वैद्यकात त्याचे कच्चे वाळवलेले फळ 'झी शी' या नावाने वापरतात. या फळात, विशेषतः कच्च्या फळात, सिनेफ्रिन नावाचे द्रव्य असते आणि फॅट बर्नर बनवणाऱ्यांना हवे असते ते हेच. म्हणून लेबलवर कधी फळाचे नाव असते, कधी शास्त्रीय नाव, कधी 'पी-सिनेफ्रिन', तर कधी अर्काचे एखादे व्यापारी नाव. यातले कोणतेही दिसले तरी पुढची सगळी उत्तरे त्या डब्याला लागू आहेत.

2. 'इफेड्रा-फ्री' असं ठळक छापलंय. मग तर सुरक्षितच ना?

त्या छापाचा अर्थ एवढाच की डब्यात इफेड्रा नाही. इफेड्रा या वनस्पतीतल्या इफेड्रिनमुळे हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि मृत्यू नोंदले गेले. 2003 मध्ये अमेरिकेत स्टीव्ह बेक्लर हा बेसबॉल खेळाडू सरावादरम्यान उष्माघाताने दगावला. तो इफेड्रायुक्त गोळ्या घेत होता, त्यामुळे हा विषय एकदम पेटला. 2004 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने इफेड्रा असलेल्या पूरक गोळ्यांवर बंदी घातली. उत्पादकांना बदली माल हवा होता आणि तो कडू संत्र्यात सापडला.

सिनेफ्रिनची रचना इफेड्रिनच्या जवळची आहे, पण ते तितके मेंदूत शिरत नाही आणि शरीरात लवकर मोडले जाते. त्यामुळे ते इफेड्रिनपेक्षा सौम्य आहे हे म्हणणे खरे आहे. पण ही तुलना एकट्या सिनेफ्रिनची, आणि डब्यात ते क्वचितच एकटे असते. खरी गोम तिथे आहे. ती प्रश्न 4 मध्ये आहे.

3. हे शरीरात नेमकं करतं काय?

घाबरल्यावर किंवा धावल्यावर शरीर ॲड्रेनलिनसारखी रसायने सोडते. सिनेफ्रिन त्याच कुटुंबातले आहे. ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या अल्फा ग्राहकांवर, म्हणजे अशा रसायनांचा संदेश पकडणाऱ्या पेशींवरच्या जागांवर, हलका परिणाम करून त्या थोड्या आवळते. वाहिनी आवळली की रक्तदाब वाढतो. चरबीच्या पेशींतल्या बीटा-3 ग्राहकांवरही ते काम करते असे सांगितले जाते आणि 'चरबी जाळते' हा दावा त्यावरच उभा आहे.

रक्तदाब वाढला की निरोगी शरीर नाडी थोडी मंद करून तोल सांभाळते. सिनेफ्रिन एकटे आणि कमी मात्रेत असले, तर बऱ्याच लोकांना काही जाणवत नाही ते याचमुळे. त्याच्या जोडीला नाडी जोरात ठेवणारे काही पोटात गेले, की हा तोल बिघडतो.

4. जिममधला ट्रेनर म्हणतो, सिनेफ्रिनवर अभ्यास झालेत आणि काहीच निघालं नाही. खरं आहे का?

अर्धे खरे आहे. 27 मिलिग्रॅम सिनेफ्रिनच्या एका मात्रेने निरोगी माणसांच्या रक्तदाबावर किंवा ईसीजीतल्या क्यूटी अंतरावर, म्हणजे एका ठोक्यानंतर हृदयाला पुढच्यासाठी तयार व्हायला लागणाऱ्या वेळेवर, परिणाम दिसला नाही, असा अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. 2006 मधल्या दुसऱ्या अभ्यासात 54 मिलिग्रॅमच्या एका मात्रेने तरुण निरोगी लोकांचा रक्तदाब आणि नाडी वाढली, आणि तो परिणाम पाच तासांपर्यंत टिकला. म्हणजे मात्रेप्रमाणे उत्तर बदलते.

पण ट्रेनरला विचारायचा अभ्यास वेगळाच आहे. 2005 मध्ये अमेरिकेत दहा निरोगी प्रौढांना वेगवेगळ्या दिवशी दोन उत्पादने दिली गेली. एकात फक्त कडू संत्र्याचा अर्क होता आणि त्यात जवळपास 47 मिलिग्रॅम सिनेफ्रिन होते. दुसरे बाजारातले 'इफेड्रा-फ्री' मिश्रण. त्यात सिनेफ्रिन फक्त साडेपाच मिलिग्रॅम, म्हणजे पहिल्याच्या आठव्या भागाइतके, पण सोबत 239 मिलिग्रॅम कॅफिन आणि इतर वनस्पतींचे अर्क होते. नुसत्या अर्काने रक्तदाब वाढला नाही. मिश्रणाने मात्र दोन तासांत वरचा आकडा सुमारे साडेनऊ अंकांनी आणि खालचा सुमारे नऊ अंकांनी वाढला. सहाव्या तासाला नाडी दोन्ही उत्पादनांनी वाढलेली होती. अर्काने मिनिटाला 11 ठोके, मिश्रणाने जवळपास 17.

यातून मला जे दिसते ते असे. लेबलवर सिनेफ्रिनचा आकडा लहान आहे म्हणून निश्चिंत होण्यात अर्थ नाही. डब्यात दुसरे काय काय आहे, हे आधी बघायला हवे.

5. लेबलवर 'सिट्रस ऑरँटियम अर्क 500 मिग्रॅ, 6%' आहे. हे किती झालं?

टक्केवारी अर्कातल्या सिनेफ्रिनची असते. 500 चे 6 टक्के म्हणजे 30 मिलिग्रॅम. आता 'सर्व्हिंग साइझ' बघा. हा आकडा दोन कॅप्सूलचा असतो की एकीचा, ते बहुतेक जण बघतच नाहीत. एका कॅप्सूलचा असेल आणि डब्यावर 'दिवसातून दोनदा दोन कॅप्सूल' लिहिले असेल, तर दिवसाला 120 मिलिग्रॅम होतात.

मग कॅफिन मोजा. एका मात्रेत 'कॅफिन ॲनहायड्रस 200 मिग्रॅ' हे सरळ दिसते. त्याखाली ग्वाराना, ग्रीन टीचा अर्क, कोला नट, येर्बा माते अशी नावे असतील तर तीही कॅफिनच देतात, फक्त वेगळ्या नावाने. समजा त्या चार नावांमधून आणखी 50 मिलिग्रॅम येतात. एका मात्रेचे 250, दोन मात्रांचे 500. त्यावर घरचा दोन-तीन कप चहा आणि ऑफिसमधली एक कॉफी जोडली, तर सहज 650 च्या पुढे जाते. निरोगी प्रौढासाठी युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेची मर्यादा दिवसाला सगळ्या स्रोतांतून 400 मिलिग्रॅम आणि एका वेळी 200 आहे. म्हणजे इथे सिनेफ्रिनचा विचार करण्याआधीच हिशेब हाताबाहेर गेला.

लेबलवर फक्त 'प्रोप्रायटरी ब्लेंड' आणि खाली एकच एकूण वजन असेल, तर हा हिशेब करताच येत नाही. असा डबा मी तरी घरी आणणार नाही.

6. मग सुरक्षित मात्रा किती धरायची?

देशागणिक उत्तर वेगळे आहे. हेल्थ कॅनडा निरोगी प्रौढाला एकटे पी-सिनेफ्रिन दिवसाला 50 मिलिग्रॅमपर्यंत, आणि कॅफिनसोबत असेल तर 40 मिलिग्रॅमपर्यंत चालू देते. फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2014 मध्ये 20 मिलिग्रॅमच्या आत राहायला आणि कॅफिनसोबत अजिबात न घ्यायला सांगितले. जर्मनीची संस्था तर पूरक गोळ्यांतून दिवसाला 6.7 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको म्हणते.

एकाच द्रव्यासाठी 6.7 ते 50 इतका फरक का? जर्मनीने माणसे रोज फळांतून किती सिनेफ्रिन खातात त्यावर आकडा बेतला, तर कॅनडाने निरोगी लोकांवर झालेल्या छोट्या अभ्यासांवर. त्या अभ्यासांत रक्तदाबाचे रुग्ण, वयस्क आणि हृदयाचे आजार असलेले लोक जवळपास नव्हतेच. म्हणून 50 हा आकडा 'निरोगी प्रौढ' या दोन शब्दांसकटच वाचायचा.

7. सकाळी सातला कॅप्सूल घेतली, नऊला बीपी मोजलं तर ठीक होतं. म्हणजे मला चालतं?

एकदाच मोजून कळत नाही. प्रश्न 4 मधल्या अभ्यासात रक्तदाब दोन तासांवर सर्वांत वर होता, पण नाडीतली वाढ सहाव्या तासाला दिसली. सिनेफ्रिन शरीरातून काही तासांत जाते. कॅफिन अर्धे व्हायलाच साधारण पाच तास लागतात आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये त्याच्या जवळपास दुप्पट. सकाळची मात्रा उतरण्याआधी दुपारची घेतली की एकावर एक थर चढतो. संध्याकाळी 'उगीच' धडधडते, झोप लागत नाही, त्याचे कारण बऱ्याचदा हेच असते.

आणि दीर्घकाळाचे वेगळेच आहे. उपलब्ध चाचण्या एकत्र करून 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात सुमारे आठ आठवडे सिनेफ्रिन घेतल्यावर वरचा रक्तदाब सरासरी सुमारे 6 आणि खालचा सुमारे 4 अंकांनी वाढलेला आढळला. हे काही भयंकर आकडे नाहीत. पण ज्याचा रक्तदाब आधीच 134 आहे तो यामुळे 140 वर जातो आणि त्याला कळतही नाही.

घरी मोजायचे असेल तर पाच मिनिटे शांत बसून, कॅप्सूलच्या आधी, दोन तासांनी आणि सहा तासांनी मोजा, दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी. मध्ये व्यायाम किंवा चहा नको. 140/90 किंवा जास्त एकापेक्षा अधिक वेळा आले, तर कॅप्सूल बंद करा आणि नोंदी घेऊन डॉक्टरांकडे जा.

8. व्यायामाच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगतात. त्यात काय वाईट?

व्यायामात नाडी आणि रक्तदाब आपोआप वाढतात. त्याच वेळी गोळीचा जोर चढायला लागतो, वर घाम गेल्याने शरीरातले पाणी, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम खाली येते. हृदयाची लय बिघडायला ही परिस्थिती अनुकूल असते.

2004 मध्ये नोंदलेली एक घटना यासाठी पाहण्यासारखी आहे. 22 वर्षांची, आधी काही आजार नसलेली एक तरुणी कडू संत्र्याचे 'इफेड्रा-फ्री' मिश्रण घेतल्यावर व्यायाम करताना बेशुद्ध पडली. ईसीजीत क्यूटीसी, म्हणजे नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेले क्यूटी अंतर, 516 मिलिसेकंद होते. स्त्रियांमध्ये ते साधारण 460 च्या खाली असते आणि 500 च्या वर गेले की गंभीर, जीवघेण्या लयीचा धोका मानतात. चोवीस तासांत ते पूर्ववत झाले. एकच घटना काही सिद्ध करत नाही, आणि मिश्रणात इतर घटकही होते. पण गोळी, श्रम आणि बेशुद्धी हा क्रम इतका सरळ होता की डॉक्टरांना तो लिहून ठेवावासा वाटला. त्याच काळात छुपा हृदयविकार असलेल्या एका 55 वर्षांच्या स्त्रीला असा अर्क घेत असताना हृदयविकाराचा झटका आल्याचेही नोंदले गेले.

9. धडधड होते. कुठल्या धडधडीला घाबरायचं?

नाडी जलद पण नियमित, बसल्यावर हळूहळू खाली येणारी, सोबत हात थरथरणे, झोप न लागणे. हे उत्तेजकाचे नेहमीचे लक्षण आहे. कॅप्सूल बंद करा, पाणी प्या, दिवसभर चहा-कॉफी आणि जड व्यायाम नको. दुसऱ्या दिवशीही तसेच राहिले तर ईसीजी काढून घ्या.

नाडी चुकत असेल, मध्येच ठोका हरवत असेल, छातीत फडफड होत असेल तर त्याच दिवशी ईसीजी हवा. आणि छातीत दुखणे किंवा दाटणे, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी, बेशुद्धी, दम लागणे, बोलताना जीभ अडखळणे, एका बाजूचा हात लुळा पडणे यातले काही झाले तर ती तातडी आहे. 108 ला फोन करा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका. डबा सोबत न्या. आपत्कालीन विभागात 'काही औषध घेता का?' विचारल्यावर लोक 'नाही' म्हणतात, कारण हे त्यांच्या लेखी औषध नसतेच. डॉक्टरांना मात्र त्याच वेळी लेबल हातात हवे असते.

10. माझी बीपीची गोळी चालू आहे आणि बीपी कंट्रोलमध्ये आहे. मग चालेल?

नाही. गोळी रक्तवाहिन्या सैल करते आणि ही कॅप्सूल त्या आवळते, म्हणजे एकाच वेळी दोन्ही बाजूंनी ओढाताण. शिवाय कडू संत्र्याच्या रसात ग्रेपफ्रूटसारखी द्रव्ये असतात, जी आतड्यातले औषध मोडणारे विकर अडवतात. फेलोडिपिनसारख्या काही गोळ्यांची रक्तातली पातळी त्यामुळे वाढते. अम्लोडिपिनबाबत हा परिणाम किरकोळ आहे. पण अर्कात ती द्रव्ये किती आहेत हे लेबल सांगत नाही. म्हणजे रक्तदाब नेमका वर जाईल की खाली, हेही तुम्हाला आधी कळणार नाही.

11. सोबत आणखी कोणत्या औषधांनी धोका वाढतो?

सर्वांत सहज होणारी चूक म्हणजे सर्दीची गोळी. आपल्याकडच्या बहुतेक सर्दीच्या गोळ्यांत पॅरासिटामॉलसोबत फेनिलेफ्रिन असते, आणि ते सिनेफ्रिनचे जवळजवळ जुळे भावंड आहे. नाक मोकळे व्हावे म्हणून रक्तवाहिन्या आवळणे हेच त्याचे काम. दोन्ही एकत्र म्हणजे त्याच कामाची दुप्पट मात्रा.

सर्वांत धोक्याची जोडी मात्र क्वचित भेटते. मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर सिनेफ्रिन मोडते. ते अडवणारी औषधे, म्हणजे पार्किन्सनसाठीचे सेलेजिलिन व रासाजिलिन, किंवा लिनेझोलिड हे प्रतिजैविक, चालू असतील तर रक्तदाब एकदम फार चढू शकतो. दम्याचा साल्ब्युटामॉल पंप, थायरॉइडची गोळी, लक्ष एकाग्र होण्यासाठीचे मिथाइलफेनिडेट आणि क्यूटी वाढवणारी औषधे (अझिथ्रोमायसिनसुद्धा) यांच्या सोबतही नको. सिप्रोफ्लॉक्सासिन कॅफिन शरीरात जास्त वेळ टिकवून ठेवते, हेही लक्षात ठेवा.

12. धडधड झाली तर घरात प्रोप्रॅनोलॉल आहे. ती घेऊ का?

स्वतःच्या मनाने नको. प्रोप्रॅनोलॉल नाडी कमी करते, पण रक्तवाहिन्या सैल ठेवणारे बीटा-2 ग्राहकही अडवते. सिनेफ्रिनचा आवळण्याचा जोर मग मोकळा सुटतो आणि नाडी खाली येत असताना रक्तदाब वाढू शकतो. तुम्हाला नाडीचा आकडा बघून बरे वाटत राहील. दवाखान्यात डॉक्टर दोन्ही बघून औषध निवडतात, ते त्यांच्यावर सोडा.

13. नागपुरी संत्र्यांतही सिनेफ्रिन असतं म्हणतात. मग ती खाऊ नयेत का?

बिनधास्त खा. संत्र्यांमध्ये थोडे सिनेफ्रिन असते हे खरे, पण फळ हळूहळू खाल्ले जाते, त्यात कॅफिन नसते आणि एका संत्र्यातून 30 मिलिग्रॅमचा एकगठ्ठा डोस पोटात जात नाही. 'नैसर्गिक आहे, आपण संत्री खातोच की' हा विक्रेत्याचा युक्तिवाद याच फरकावर पांघरूण घालतो.

14. ईसीजी आणि टू-डी इको नॉर्मल आले. आता तरी घेऊ?

त्या दिवशी, विश्रांतीत आणि गोळीविना सगळे ठीक होते, एवढेच ते रिपोर्ट सांगतात. लांब क्यूटीच्या काही वंशागत प्रकारांत विश्रांतीचा ईसीजी साधा दिसतो. हृदयाच्या रोहिणीतली लहान अडचण इकोत दिसत नाही. घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेले असेल, किंवा पळताना तुम्हाला कधी भोवळ आली असेल, तर रिपोर्ट कसाही असो, उत्तेजक गोळी नको.

15. मी स्पर्धा खेळतो. डोपिंगमध्ये अडकेन का?

सिनेफ्रिन वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या मनाई यादीत नाही, त्यावर फक्त लक्ष ठेवले जाते. पण कडू संत्र्यात अल्प प्रमाणात सापडणारे ऑक्टोपामिन मनाई यादीत आहे आणि काही मिश्रणांत ते वेगळे घातलेलेही असते. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या एनसीएए या क्रीडा संघटनेने तर सिनेफ्रिनवरच बंदी घातली आहे, त्यामुळे तिथे शिष्यवृत्तीवर गेलेल्या मुलांनी विशेष जपावे.

एक सापळा नावातच आहे. 'मिथाइलसिनेफ्रिन' हे सिनेफ्रिन नव्हे. ते ऑक्सिलोफ्रिन नावाचे औषध आहे, कडू संत्र्यात सापडत नाही आणि वाडाच्या यादीत स्पष्ट मनाई आहे. 2016 मध्ये अमेरिकेत तपासलेल्या 27 पूरक उत्पादनांपैकी 14 मध्ये ते आढळले होते. लेबलवर हे नाव असेल तर खेळाडू असा वा नसा, तो डबा परत करा.

16. अचानक बंद केलं तर काही होईल का?

सिनेफ्रिनची सवय लागून बंद करताना त्रास होतो असे दिसत नाही. कॅफिनचा मात्र होतो: बारा ते चोवीस तासांत डोके दुखणे, आळस, चिडचिड, जी काही दिवसांत जाते. त्यावर पुन्हा एक कॅप्सूल घेण्याऐवजी दोन-तीन दिवस नेहमीचा चहा चालू ठेवा आणि मग हळूहळू कमी करा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या गोळीबद्दल जरूर सांगा आणि साधारण दोन आठवडे आधी ती बंद करा. गर्भवती आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी ती सुरूच करू नये.

17. एवढं सगळं सोसून वजन तरी उतरतं का?

एका अभ्यासात 50 मिलिग्रॅम सिनेफ्रिन घेतल्यावर सव्वा तासाने मोजलेला विश्रांतीतला ऊर्जाखर्च सुमारे 65 किलोकॅलरींनी जास्त दिसला. हे संशोधन करणाऱ्यांचे उद्योगाशी संबंध होते, पण आकडा खरा मानला तरी तो अर्ध्या-पाऊण पोळीचा हिशेब. प्रश्न 7 मधल्या 2022 च्या विश्लेषणात रक्तदाब वाढलेला दिसला, वजन मात्र कमी झालेले दिसले नाही. पहिल्या आठवड्यात काट्यावर दिसणारी घट बहुतेक वेळा कॅफिनमुळे गेलेले पाणी आणि मेलेली भूक यांची असते. गोळी थांबवल्यावर ती परत येते.